कर्ज फिटले, बोजा उतरला का?

घरकर्ज मंजूर झाल्यावर एक दिवस बँकेतून फोन येतो: मूळ करारनामा घेऊन या, दोघेही या. नवरा-बायको जातात, अधिकाऱ्यासमोर बसतात, फाइलमधून नोंदणी झालेला करारनामा, सूची दोन, नोंदणीची पावती आणि सोसायटीचे भागपत्र काढून टेबलावर ठेवतात. अधिकारी पाने मोजतो, यादीवर टिक करतो आणि कागद आत नेतो. दहा-पंधरा मिनिटांत काम संपते. निबंधकासमोर हजेरी नाही, अंगठा नाही, साक्षीदार नाहीत. तरीही त्या दहा-पंधरा मिनिटांत घर कायद्याने गहाण पडलेले असते.

या व्यवहाराला मराठी कायद्याच्या पुस्तकांत हक्कलेख निक्षेपाने केलेले गहाण म्हणतात. बँकेत कोणी एवढे लांब बोलत नाही. तिथे 'इक्विटेबल मॉर्गेज', नाहीतर नुसते 'ईएम'. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातल्या कलम ५८(च) मध्ये, इंग्रजी प्रतीत ५८(एफ) मध्ये, त्याची व्याख्या आहे. कर्जदाराने मालकीचे कागद, ते तारण राहावेत या इराद्याने, धनकोच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या हाती दिले की गहाण पूर्ण झाले. बाकी सर्व प्रकारच्या गहाणांना, रक्कम १०० रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर, नोंदणी केलेला दस्त लागतो. फक्त या एका प्रकाराला ती अट नाही.

ही सूट कुठून आली, हे कळले की पुढचा सगळा गुंता उलगडतो. इंग्लंडमध्ये १७८३ साली रसेल विरुद्ध रसेल या खटल्यात न्यायालयाने ठरवले की नुसते कागद ताब्यात दिल्यानेही तारण निर्माण होऊ शकते. हिंदुस्थानात कायदा झाला तेव्हा ही सवलत सरसकट दिली गेली नाही. कलकत्ता, मद्रास, मुंबई, कराची, रंगून अशा मोजक्या व्यापारी शहरांपुरती ती होती. तिथल्या व्यापाऱ्याला माल उचलण्यासाठी संध्याकाळपर्यंत पैसे हवे असत. दस्त लिहा, मुद्रांक आणा, नोंदणीला जा, एवढा वेळ त्याच्याकडे नसे. पुढे राज्य सरकारे अधिसूचना काढून आपापली शहरे या यादीत घालत गेली. इथे पाहायचे ते कागद कोणत्या शहरात दिले हे. घर कुठे आहे याला महत्त्व नाही. कोकणातल्या घराचे कागद मुंबईच्या शाखेत जमा झाले तरी गहाण मुंबईत झाले असेच धरले जाते.

सर्वोच्च न्यायालयाने १९६४च्या के. जे. नाथन खटल्यात या गहाणाची तीन अंगे सांगितली: कर्ज हवे, मालकीचे कागद सुपूर्द झालेले हवेत आणि ते तारणासाठीच दिले हा इरादा हवा. यातले तिसरे अंग सर्वांत नाजूक. कागद बँकेत पडून आहेत एवढ्यावरून गहाण सिद्ध होत नाही. कोणी ते सांभाळायला दिले असतील, कोणी वकिलाला दाखवायला. मग इरादा सिद्ध करायचा कसा?

त्यासाठी बँकांनी एक खास रीत बसवली आहे. कागद ज्या दिवशी जमा होतात त्या दिवशी कर्जदाराकडून गहाणाचा करार सहसा लिहून घेतला जात नाही. नंतर, बहुधा दुसऱ्या दिवशी, बँकेचा अधिकारी आपल्या रजिस्टरमध्ये नोंद करतो: अमुक व्यक्ती काल शाखेत आली, तिने पुढील कागद अमुक रकमेच्या कर्जासाठी तारण म्हणून जमा केले आणि तसे तोंडी सांगितले. सगळी नोंद भूतकाळात. हा भाषेचा शौक नाही. गहाण ज्या कागदाने निर्माण होते त्या कागदाची नोंदणी सक्तीची असते. आधीच होऊन गेलेल्या गोष्टीची निव्वळ आठवण ठेवणाऱ्या टिपणाला ती सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५०च्या रचपाल महाराज खटल्यात हा फरक स्पष्ट केला. 'या लेखाने मी तारण देत आहे' असे वाक्य त्या टिपणात शिरले, की अख्खे टिपण नोंदणीअभावी पुरावा म्हणून निकामी होण्याची भीती असते. म्हणून शाखेतले जुने अधिकारी नव्यांना ही नोंद लिहायला फार काळजीपूर्वक शिकवतात.

बँक आणि कर्जदार या दोघांपुरती ही व्यवस्था सोयीची आहे. पण तिसऱ्याचे काय? गहाण पडलेल्या फ्लॅटची सूची दोन काढली तर त्यावर मालकाचे नाव स्वच्छ दिसते. गहाणाचा उल्लेखच नसतो, कारण नोंदणी कार्यालयात काही गेलेलेच नाही. खरेदीदाराचे एकच संरक्षण होते, ते म्हणजे मूळ कागद पाहायला मागणे. मूळ कागद दाखवता येत नाहीत म्हणजे ते कुठेतरी तारण आहेत, असा अंदाज बांधता येई. चांगल्या रंगीत प्रती आणि बनावट शिक्के मिळू लागले तसे हेही संरक्षण गेले. एकच फ्लॅट दोन-तीन बँकांकडे तारण, प्रत्येक बँकेच्या तिजोरीत 'मूळ' करारनामा, आणि कर्ज थकल्यावर साऱ्यांनीच एकमेकांकडे पाहायचे, अशी प्रकरणे वाढली. दोष कायद्यातच होता. जे गहाण कुठेच दिसत नाही, ते फसवायला सोपे.

यावर दोन बाजूंनी उपाय झाले. पहिला महाराष्ट्राचा. राज्याने नोंदणी कायद्यात दुरुस्ती केली आणि १ एप्रिल २०१३पासून कलम ८९-ब लागू झाले. गहाणाचा करार नोंदवलेला नसेल, तर कागद जमा केल्यापासून ३० दिवसांत कर्जदाराने दुय्यम निबंधकाकडे सूचना दाखल करायची. बँकेत आणि नोंदणी कार्यालयात सगळे हिला 'नोटीस ऑफ इंटिमेशन' म्हणतात. तीत कर्जदार आणि बँक यांची नावे-पत्ते, गहाणाची तारीख, रक्कम, व्याजदर, जमा केलेल्या कागदांची यादी आणि मालमत्तेचे वर्णन असते. दाखल करणे आता ऑनलाइन होते आणि बँका बहुधा ते स्वतःच्या माणसाकडून करवून घेतात. पण कायद्याने जबाबदारी कर्जदारावर टाकली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

न केल्यास परिणाम कडक आहेत. सूचना न देता कर्जदाराने तेच घर विकले किंवा त्यावर दुसरा व्यवहार केला, तर तो व्यवहार रद्दबातल ठरतो. घेणाऱ्याला त्याचे पैसे १२ टक्के व्याजासह आणि नुकसानभरपाईसह परत मागता येतात. शिवाय सूचना न देणे हा तुरुंगवास आणि दंड होणारा गुन्हा आहे. मात्र ज्याने घर घेतले त्याची अवस्था पाहा: व्यवहार रद्द, घर गेले आणि ज्याच्याकडून १२ टक्के व्याज वसूल करायचे तो आधीच बँकेला बुडवून बसलेला. म्हणजे हे कलम खरेदीदाराला भरपाईचा हक्क देते, पण घर वाचवायचे तर दुय्यम निबंधकाकडचा शोध त्याने पैसे देण्यापूर्वीच घ्यायला हवा.

दुसरा उपाय केंद्राचा. सरफेसी या २००२च्या कायद्यात मध्यवर्ती नोंदवहीची तरतूद होती आणि ती ३१ मार्च २०११ला सुरू झाली. तिचे लांबलचक इंग्रजी नाव कोणी घेत नाही, सगळे 'सरसाई' म्हणतात. cersai.org.in या संकेतस्थळावर देशातल्या बँका आणि गृहवित्त कंपन्या आपले तारण नोंदवतात. प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक मिळतो. ५ लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेला ५० रुपये शुल्क पडते, त्याहून मोठ्या कर्जासाठी १०० रुपये. सामान्य माणूसही थोडे पैसे भरून शोध घेऊ शकतो.

सुरुवातीला बँका या नोंदीकडे कागदी सोपस्कार म्हणून पाहत. २४ जानेवारी २०२०पासून कायद्याची नवी कलमे लागू झाली आणि चित्र बदलले. तारण सरसाईत नोंदवले नसेल तर बँकेला सरफेसीखाली घराचा ताबा घेण्याची कारवाईच करता येत नाही. नोंद असेल तर तिचे येणे इतर देण्यांच्या आणि सरकारी करांच्याही पुढे धरले जाते. आणि नोंद झाली की ती साऱ्या जगाला दिलेली सूचना मानली जाते, मग कोणी पाहिली असो वा नसो.

सरसाईला मर्यादा आहेत आणि त्या जाणून घ्याव्यात. मालमत्तेचा शोध पत्त्यावरून घेतला तर पत्ता कसा टाइप झाला यावर बरेच अवलंबून असते. एका बँकेने 'फ्लॅट ३०२, बी विंग' लिहिले आणि दुसऱ्याने 'बी-३०२' लिहून सर्व्हे क्रमांक गाळला, तर नोंद असूनही सापडत नाही. म्हणून जाणकार वकील पत्त्यावरून शोधतात आणि मालकाच्या पॅन क्रमांकावरूनही शोधतात, आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहतात. पतसंस्थेकडचे किंवा खासगी सावकाराकडचे गहाण तिथे दिसेलच याची खात्री नाही.

आता एक हिशेब पूर्ण मांडून पाहू. समजा पुण्यातल्या एका जोडप्याने कोथरूडमध्ये फ्लॅट घेतला आणि बँकेकडून ४० लाख रुपये घेतले. महाराष्ट्रात अशा गहाणावर ०.३ टक्के दराने मुद्रांक शुल्क धरले तर ते १२,००० रुपये होते. सूचना दाखल करण्याचे शुल्क वेगळे, ते साधारण १,००० रुपये आणि हाताळणीचे थोडे. हे दर सरकार बदलत असते. या जोडप्याचे घर आता चार ठिकाणी बांधलेले आहे: मूळ कागद बँकेच्या कपाटात, सूचना दुय्यम निबंधकाच्या दप्तरात, नोंद सरसाईत आणि सोसायटीच्या रजिस्टरमध्ये बँकेचा हक्क, कारण बँकेने सोसायटीला पत्र पाठवून तो नोंदवायला लावलेला असतो.

वर्षे जातात, हप्ते जातात. शेवटचा हप्ता ५ मार्चला फिटतो. जोडपे पेढे घेऊन बँकेत जाते, अधिकारी 'नो ड्यूज' दाखला देतो, काही दिवसांनी कागदही मिळतात. बहुतेक लोक इथेच थांबतात. पण चारपैकी एकच जागा मोकळी झाली. कागद परत मिळाले म्हणजे सरसाईतली नोंद आपोआप बंद होत नाही. ती बँकेनेच बंद करायची असते आणि बंद करायला शुल्कही नाही. तरी ती उघडीच राहिल्याची उदाहरणे वकिलांच्या फाइलींत भरपूर सापडतात. कळते केव्हा? घर विकायला काढल्यावर. ग्राहकाची बँक शोध घेते, जुन्या बँकेचे तारण 'चालू' दिसते आणि सौदा अडकतो. दरम्यान जुनी बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते आणि शाखेचे कपाटही दुसऱ्या गावी गेलेले असते.

रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ला काढलेले परिपत्रक इथे कर्जदाराच्या हातातले सर्वांत धारदार हत्यार आहे. १ डिसेंबर २०२३ किंवा त्यानंतर ज्यांचे कागद परत मिळायचे आहेत, त्यांना ते लागू आहे. पूर्ण परतफेडीपासून ३० दिवसांत बँकेने सर्व मूळ कागद परत द्यायचे आणि कोणत्याही नोंदवहीत टाकलेला बोजाही काढायचा. उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. आपल्या जोडप्याची ३० दिवसांची मुदत ४ एप्रिलला संपते. कागद २० एप्रिलला मिळाले, तर १६ दिवसांचे ८०,००० रुपये बँकेने द्यायचे. कागद वेळेत मिळाले पण सरसाईतली नोंद उघडी राहिली, तरीही हाच नियम लागतो. परिपत्रकाचा हा भाग शाखेत फारसे कोणी आपणहून सांगत नाही. शाखा ऐकत नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे.

याशिवाय सरफेसीच्या कलम २५ मध्ये एक थेट वाट आहे. कर्ज फिटूनही बँक नोंद बंद करत नसेल तर कर्जदार स्वतः मध्यवर्ती निबंधकाला तसे कळवू शकतो. निबंधक बँकेला नोटीस काढतो आणि जास्तीत जास्त १४ दिवसांत कारण दाखवायला सांगतो. पुरेसे कारण नसेल तर फेड झाल्याची नोंद करता येते.

कागद परत घेताना घाई करू नये. कर्ज घेताना बँकेने जमा कागदांची यादी दिलेली असते, ती जपून ठेवलेली असावी. ती शेजारी ठेवून एकेक कागद पाहावा. फ्लॅट दुसऱ्या-तिसऱ्या हातातून घेतला असेल तर आधीच्या प्रत्येक मालकाचा मूळ करारनामा यादीत असतो आणि हाच बहुधा गायब असतो. करारनाम्याचे शेवटचे पान आणि निबंधकाचे शिक्के असलेली पाने उलटून पाहावीत. कोरे सही केलेले धनादेश परत मागावेत. कागद हरवला किंवा खराब झाला असेल तर रिझर्व्ह बँकेच्या त्याच परिपत्रकानुसार बँकेने प्रमाणित प्रत मिळवून द्यायला मदत करायची, तिचा खर्चही सोसायचा. त्यासाठी बँकेला आणखी ३० दिवस मिळतात, म्हणजे एकूण ६० दिवसांनंतर भरपाई चालू होते. नोंदणी झालेल्या दस्ताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकाकडे मिळते, पण पुढच्या खरेदीदाराला मूळ कागद का नाही हे पटवावे लागते. म्हणून बँकेकडून 'आमच्या ताब्यात असताना हरवला' असे लेखी घ्यावेच.

दुय्यम निबंधकाकडची सूचना मात्र सहसा मिटत नाही. ती एका दिवशी घडलेल्या गहाणाची नोंद आहे आणि दप्तरात राहते. दहा वर्षांनी शोध घेणारा वकील ती वाचेल आणि फेडीचा पुरावा मागेल. तेव्हा 'नो ड्यूज' दाखल्याची मूळ प्रत हरवली असेल तर धावपळ अटळ. जिथे साधे ईएम न करता गहाणखतच नोंदवले असेल, तिथे कर्ज फिटल्यावर बँकेकडून मुक्तीचा दस्त करून तोही नोंदवावा लागतो. सोसायटीला बँकेचे पत्र देऊन रजिस्टरमधला हक्क काढून घ्यायचा असतो.

गावाकडे या सगळ्याचे रूप वेगळे आहे. शेतकऱ्याच्या जमिनीवरचे कर्ज सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात दिसते. बँकेच्या पत्रावरून तलाठी फेरफार घालतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो, आणि लोक म्हणतात, सातबाऱ्यावर बोजा चढला. फिटल्यावर तो उतरवायला पुन्हा बँकेचे पत्र आणि पुन्हा फेरफार लागतो. ई-हक्क या प्रणालीमुळे बोजा चढवण्याचा आणि कमी करण्याचा अर्ज आता ऑनलाइन करता येतो. तरीही आजोबांनी फेडलेल्या पीककर्जाचा बोजा नातवाच्या सातबाऱ्यावर तसाच, अशी स्थिती दुर्मीळ नाही. अशा वेळी प्रश्न पैशांचा नसतो, पत्राचा असतो. जुन्या सोसायटीने वा बँकेने 'येणे बाकी नाही' एवढे लिहून द्यावे म्हणून माणूस तालुक्याच्या चकरा मारतो. शेतकऱ्यांनी शेवटची पावती घेतानाच बोजा कमी करण्याचे पत्र मागावे आणि फेरफार क्रमांक टाकलेला नवा सातबारा हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. कंपनीच्या मालमत्तेसाठी या साऱ्याशिवाय कंपनी निबंधकाकडेही तारण आणि त्याची फेड नोंदवावी लागते.

कर्ज चालू असताना घर विकायचे असेल तर क्रम महत्त्वाचा. विक्रेत्याने बँकेकडून बाकी रकमेचे पत्र आणि जमा कागदांची यादी घ्यायची. खरेदीदाराच्या बँकेने ती रक्कम विक्रेत्याच्या हाती न देता थेट त्याच्या कर्जखात्यात भरायची. त्यानंतर जुनी बँक कागद सोडते आणि सरसाईतली नोंद बंद करते, मग नवी बँक स्वतःची नोंद करते. दोन्हींमधल्या काळात खरेदीदाराचे पैसे गेलेले असतात आणि कागद मात्र वाटेत असतात. त्यामुळे जुन्या बँकेचे कागद कोणाला, कोणत्या तारखेला द्यायचे हे विक्रेत्याने लिहून दिलेले पत्र आधीच बँकेत असावे. टॉप-अप कर्ज उघडे असेल, तर मुख्य कर्ज फिटूनही बँक कागद सोडत नाही. म्हणून बाकीच्या पत्रात सर्व खात्यांचे आकडे आहेत का, हे खरेदीदाराने पाहावे.

कर्जदाराचा मध्येच मृत्यू झाला तर वारसांची वाट कशी असेल, हे बँकेने आधीच ठरवून आपल्या संकेतस्थळावर ठेवायचे, असेही २०२३च्या परिपत्रकात आहे. कागद कोणत्या शाखेतून आणि किती दिवसांत मिळतील, हेही कर्जाच्या मंजुरीपत्रात लिहायचे असते. नवे कर्ज घेणाऱ्याने सही करण्यापूर्वी मंजुरीपत्रात ही ओळ शोधावी. नसेल तर ती घालून मागावी, आणि मिळाल्यावर त्या पानाची प्रत कपाटातल्या कागदांच्या यादीलाच टाचून ठेवावी.